फुगलेला डबा उघडण्याआधी: संत्र्याच्या डब्यांतले बिघाड कसे ओळखायचे

मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात थप्पी हलवताना चार-पाच डबे फुगलेले हाती लागतात, आणि पहिली प्रतिक्रिया जवळजवळ ठरलेली असते: एक डबा फोडून वास घ्यायचा, ‘आंबलंय’ म्हणायचं आणि सगळे भंगारात टाकायचे. नेमका यातच पुरावा जातो. डबा फुगण्याची कारणं पूर्णपणे वेगवेगळी असतात. कधी उकळणं कमी पडलेलं असतं, कधी सीममधून, म्हणजे झाकण आणि डब्याच्या कडा दुमडून केलेल्या जोडातून, गळती झालेली असते, कधी पत्रा आणि फळाचं आम्ल यांचीच आपसात प्रक्रिया झालेली असते, तर कधी नुसतं ऊन असतं. बाहेरून चारही डबे सारखेच दिसतात, आणि प्रत्येकावरचा इलाज मात्र निराळा.

हा लेख नागपूर आणि आसपास संत्र्याच्या फोडी पाकात डबाबंद करणाऱ्या छोट्या युनिटमध्ये गुणवत्तेचं काम नव्याने अंगावर आलेल्यांसाठी आहे. आधी एक मर्यादा सांगून टाकतो. इथलं सगळं आम्ल फळांसाठी आहे. संत्र्याच्या डब्याचा पीएच साधारण ३.५ च्या आसपास असतो. ज्या पदार्थाचा पीएच ४.६ च्या वर आहे, म्हणजे मटार, मशरूम, छोले, पनीरची भाजी, त्याचा फुगलेला डबा स्वतः उघडूच नका. त्यात बोट्युलिनमचं विष असू शकतं. रसगुल्ला गोड पाकात असतो म्हणून लोक त्याला फळांच्या पंगतीत बसवतात. पण तो आम्ल पदार्थ नाही, त्यालाही हाच नियम. असे डबे बाजूला बांधून ठेवा आणि प्रयोगशाळेला कळवा.

लागणारं सामान आणि कागद

सामान: सीम मोजायचा मायक्रोमीटर आणि काउंटरसिंक गेज, पत्रा कापायची पकड, पीएच मीटर, टोच्या, काचेच्या चार-पाच परीक्षानळ्या, ताजी चुन्याची निवळी, स्पिरिट, सूक्ष्मदर्शक आणि मिथिलीन ब्लू, मिठाचं संपृक्त पाणी, एक टब, जाड पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, डोळ्यांना चष्मा.

कागद: त्या कोडच्या दिवसाची कुकरची तापमान-नोंद, सीम तपासणीचं रजिस्टर, थंड करायच्या पाण्यातल्या क्लोरीनची नोंद, रिकामे डबे आणि झाकणं कुठल्या लॉटची होती त्याची चिठ्ठी, आणि गोदामात कुठली थप्पी कधी रचली त्याचा तक्ता. शेवटचा कागद बहुतेक ठिकाणी नसतोच. नसेल तर निदान कामगारांना विचारून कच्चा तक्ता आजच काढा, उद्या थप्पी हललेली असेल.

१. आधी डबा थंड करा, मग नाव द्या

नागपुरात पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. ४५ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब पाऱ्याच्या ७२ मिलिमीटरच्या आसपास असतो, २५ अंशांना तो २४ असतो. म्हणजे नुसत्या वाफेनेच डब्यातला सुमारे दोन इंच व्हॅक्यूम खाल्ला जातो. शिवाय वर अडकलेली हवा प्रसरण पावते आणि पाकही थोडा फुगून मोकळी जागा कमी करतो. भरताना डबा काठोकाठ भरला असेल किंवा बंद करण्याआधी तापवून हवा काढणाऱ्या एक्झॉस्ट बॉक्समध्ये तो पुरेसा तापला नसेल, तर दुपारी अशा डब्याचं झाकण वर येतं. तो बिघडलेला नसतो.

म्हणून गोदामात उभं राहून निकाल देऊ नका. डबे सावलीत आणा, पाण्यात ठेवून २५ अंशांपर्यंत उतरू द्या आणि मग दाबून पाहा.

डबा सपाट दिसतो, पण टेबलावर आपटला की एक टोक बाहेर येतं आणि बोटाने दाबलं की आत जाऊन बसतं: हा फ्लिपर. एक टोक कायम फुगलेलं, ते दाबलं की समोरचं टोक टपकन बाहेर: हा स्प्रिंगर. दोन्ही टोकं फुगलेली, अंगठ्याने थोडी दबतात पण परत येतात: सॉफ्ट स्वेल. दोन्ही टोकं दगडासारखी: हार्ड स्वेल. या चार नावांकडे चार रोग म्हणून पाहू नका. आत दाब किती वाढला आहे याच्या त्या पायऱ्या आहेत. आज फ्लिपर असलेला डबा पंधरा दिवसांत हार्ड स्वेल होऊ शकतो. थंड केल्यावर झाकण आत गेलं आणि आतच राहिलं तर भरण्याच्या आणि एक्झॉस्टच्या नोंदी तपासा. गेलं नाही तर पुढे चला.

काही जण उंचीचं कारण पुढे करतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे, तेवढ्याने नीट भरलेला डबा फुगत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच निस्तरू. पाक दुधाळ दिसतो, फोडींवर पांढरे ठिपके बसतात, पण डबा सपाट आणि व्हॅक्यूम चांगला आहे. हे संत्र्यातलं हेस्पेरिडिन स्फटिक होऊन बाहेर आलेलं असतं. गिऱ्हाईक तक्रार करेल, दिसायला वाईटच दिसतं, पण तो बुरशीचा किंवा जंतूंचा बिघाड नाही.

२. फुगलेले डबे कुठे आणि कधी सापडले ते लिहा

हे काम टाळलं जातं, आणि निम्मं उत्तर इथेच असतं. प्रत्येक फुगलेल्या डब्याचा कोड, वेळेचा शिक्का असेल तर वेळ, थप्पीतली जागा आणि डबा किती दिवसांचा आहे ते लिहा.

उकळणं कमी पडलं असेल तर फुगवटा लवकर येतो, काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांत, आणि एकाच बॅचचे किंवा एकाच टोपलीचे बरेच डबे एकदम जातात. गळती असेल तर फुगलेले डबे विखुरलेले असतात. एका थप्पीत पाच खराब आणि शेजारचे शंभर चांगले, असं चित्र दिसतं, कारण प्रत्येक डब्यात जंतू शिरतातच असं नाही. हायड्रोजनचा फुगवटा उशिरा येतो, महिनोन्‌महिने गेल्यावर. तो हळूहळू सगळ्या लॉटवर पसरतो, आणि छताजवळच्या, जास्त तापणाऱ्या थरात आधी दिसतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एकाच गोदामात ८५० ग्रॅमच्या डब्यांचे दोन कोड आहेत. ‘क’ कोड पाच आठवड्यांचा. त्याचे १,२०० डब्यांपैकी २२ फुगले, विखुरलेले, पण सगळे दुपारच्या जेवणानंतरच्या दोन तासांच्या शिक्क्याचे. ‘ख’ कोड मागच्या हंगामातला, चौदा महिन्यांचा. त्याचे ६०० पैकी ७० फुगले, बहुतेक वरच्या थरातले, आणि त्यांच्याभोवती आणखी कितीतरी स्प्रिंगर. ढीग एक, गोदाम एक, म्हणून ‘उन्हाने गेले’ असा एकच शेरा मारायचा मोह होईल. मारू नका.

३. वायू गोळा करा

प्रत्येक कोडचे किमान तीन फुगलेले आणि एक चांगला डबा घ्या. तीन अशासाठी की वायूसाठी वापरलेला डबा सूक्ष्मदर्शकासाठी चालत नाही, टबातलं पाणी आत गेलेलं असतं. हार्ड स्वेल असेल तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, त्याने दाब उतरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

टबात मिठाचं संपृक्त पाणी घ्या. साध्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड बराच विरघळतो आणि निकाल फसवतो. परीक्षानळी त्याच पाण्याने भरून उलटी धरा, डबा पाण्याखाली धरून टोच्याने झाकणाच्या मधोमध भोक पाडा आणि बुडबुडे नळीत घ्या. भोक सीमजवळ पाडू नका, तिथलं मोजमाप पुढे लागणार आहे. अशा दोन नळ्या भरा.

पहिल्या नळीत थोडी चुन्याची निवळी घालून हलवा. दुधाळ झाली तर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आत काहीतरी जिवंत होतं. निवळी स्वच्छ राहिली तर दुसरी नळी डब्यापासून आणि स्पिरिटच्या बाटलीपासून दूर नेऊन तिच्या तोंडाशी जळती काडी धरा. फट् असा आवाज करून वायू पेटला तर हायड्रोजन. क्रम उलटा करू नका: काही जिवाणू कार्बन डायऑक्साइडबरोबर हायड्रोजनही सोडतात, त्यामुळे नुसत्या फट् वरून निकाल देता येत नाही. निवळी स्वच्छ आणि वायू पेटता, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

आपल्या उदाहरणात ‘क’ ची निवळी दुधाळ झाली. ‘ख’ ची स्वच्छ राहिली आणि काडीला फट् झालं. इथे दोन कोडच्या वाटा वेगळ्या झाल्या.

४. डबा उघडा, पण सीमला हात न लावता

दुसरा फुगलेला डबा साबणाने धुवा, झाकण स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. चांगल्या डब्याचं झाकण ज्योतीने निर्जंतुक करतात. फुगलेल्याचं कधीही नाही, तापून सीम फुटू शकते. डब्यावर पिशवी टाकून पिशवीच्या आतूनच छोटं भोक पाडा, वायू जाऊ द्या, मग झाकणाचा मधला भाग कापा. स्वयंपाकघरातला कडेने फिरणारा ओपनर वापरू नका, तो सीमच खातो.

कुठलं टोक कापायचं? तीन तुकड्यांच्या डब्याचं एक टोक डबा बनवणाऱ्याने बसवलेलं असतं आणि दुसरं तुम्ही. कोड बहुधा तुमच्या झाकणावर असतो. कापा कोड नसलेल्या बाजूने. तुमच्या सीमरने केलेली सीम शाबूत राहणं जास्त गरजेचं आहे. मोजायच्या मात्र दोन्ही सीम आहेत, कारण दोष पुरवठादाराच्या टोकाला निघाला तर बोलणी तिथूनच सुरू होतात.

चव घ्यायची नाही. वास घ्या, पीएच मोजा, पाकाचा एक थेंब काचेवर पसरून वाळवा, रंगवा आणि पाहा. शेजारी त्याच कोडच्या चांगल्या डब्याचा थेंब ठेवा. फळाबरोबर आलेल्या आणि उकळताना मेलेल्या पेशी चांगल्या डब्यातही थोड्या दिसतात, आणि तुलना नसेल तर नवा माणूस त्यांनाच गुन्हेगार ठरवतो.

एकाच प्रकारचे जीव, भरपूर, आणि सीम चांगली: उष्णता कमी पडली. यीस्ट, गोल जिवाणू, दांड्यासारखे जिवाणू असा मिश्र बाजार: गळती. उकळण्यातून असा मिश्र जमाव वाचत नाही, तो नंतर बाहेरूनच आलेला असतो. जवळजवळ काहीच नाही: पत्र्याकडे वळा.

‘क’ मध्ये मद्यासारखा आंबूस वास आला, यीस्ट आणि दोन-तीन जातींचे जिवाणू दिसले. ‘ख’ मध्ये वास धातूसारखा होता, आणि थेंब चांगल्या डब्याइतकाच रिकामा.

५. सीम मोजा

डबा रिकामा करून कोमट पाण्याने धुवा. आधी बाहेरून बोट फिरवा आणि नीट पाहा. सीमच्या खालच्या कडेला ओठासारखा लोंबता भाग म्हणजे ड्रूप. तो बॉडीच्या उभ्या जोडापाशी थोडा असतोच, जास्त असेल तर दोष. तोच भाग टोकदार होऊन खाली आला तर व्ही. सीमच्या आतल्या वरच्या कडेला धार लागते ती शार्प सीम, आणि त्या धारेवर पत्रा तुटला तर कटओव्हर. सीमरचा पहिल्या ऑपरेशनचा रोल कडा एकमेकांत वळवतो आणि दुसऱ्याचा त्या दाबून घट्ट करतो. दुसऱ्या ऑपरेशनचा रोल फार आवळलेला असणं किंवा झाकण आतून धरणारा चक झिजलेला असणं ही त्याची नेहमीची कारणं. झाकणाच्या कडेचा वळवलेला हुक बॉडीच्या कडेच्या हुकात अडकलाच नाही, दोन्ही नुसते एकमेकांवर दाबले गेले, तर ती फॉल्स सीम. ही सगळ्यात फसवी, कारण बाहेरून बऱ्याचदा धड दिसते. रिकाम्या डब्याची कड वाहतुकीत वाकलेली असली की ती होते.

मग माप घ्या. उभा जोड टाळून परिघावर समान अंतरावर तीन जागा निवडा. काउंटरसिंक, म्हणजे सीमच्या वरच्या कडेपासून झाकणाची खोली, सीमची जाडी आणि सीमची लांबी फाडण्याआधी मोजा, नंतर ती मिळत नाहीत. मग पकडीने झाकण काढून सीम उलगडा आणि बॉडी हुक व कव्हर हुक मोजा. दोन्ही हुक एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते असं निघतं:

```
ओव्हरलॅप = बॉडी हुक + कव्हर हुक
          + झाकणाच्या पत्र्याची जाडी − सीमची लांबी
```

‘क’ च्या चांगल्या डब्यात, सकाळच्या शिक्क्याच्या, बॉडी हुक २.०० मिलिमीटर, कव्हर हुक १.९०, झाकणाचा पत्रा ०.२५ आणि सीमची लांबी ३.००. ओव्हरलॅप १.१५ मिलिमीटर, ठीक. फुगलेल्या डब्यात बाकी सगळं तेच, पण एका जागी कव्हर हुक फक्त १.४५. ओव्हरलॅप ०.७० वर आला. डब्याच्या मापाप्रमाणे खालची मर्यादा बदलते, ती पुरवठादाराच्या सीम-शीटवरूनच घ्या. पण सकाळ-दुपारमध्ये एवढी घसरण कुठल्याही शीटवर बसत नाही. सरासरी काढू नका. तीन जागांपैकी दोन चांगल्या आहेत म्हणून तिसरीतून पाणी आत जायचं थांबत नाही.

कव्हर हुक आखूड आणि बॉडी हुक ठीक याचा अर्थ पहिल्या ऑपरेशनचा रोल सैल. बॉडी हुक आखूड असता तर खालच्या प्लेटचा दाब कमी, असं समजायचं. हुक लांबीला ठीक पण कव्हर हुकवर सुरकुत्या फार आणि सीम जाड, तर दुसरं ऑपरेशन सैल.

रिकामा डबा पाण्याखाली हवेच्या दाबाने तपासता येतो. बुडबुडा निघाला तर गळती सिद्ध झाली. नाही निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. फळाचा चोथा भोकात बसलेला असतो. शिवाय गळतीचा क्षण बऱ्याचदा एकदाच येतो: उकळून निघालेला डबा थंड पाण्यात पडतो, आत व्हॅक्यूम तयार होतो, सीममधलं रबरासारखं कंपाउंड अजून मऊ असतं आणि पाण्याचा एक अतिसूक्ष्म थेंब ओढला जातो. नंतर कंपाउंड घट्ट होऊन वाट बंद होते. त्या एका थेंबात जंतू होते की नाही, यावरच पुढचं सगळं अवलंबून.

६. म्हणून पाण्याची नोंद काढा

सैल सीम दोन तास चालली तरी त्या वेळचे सगळे डबे फुगले नाहीत, फक्त २२ फुगले. पण तेही का फुगले, याचं उत्तर सीमरपाशी नसून टाकीपाशी आहे. उन्हाळ्यात पाणी वाचवायला थंड करायचं पाणी फिरवून वापरतात. पाकाचे थेंब, फळाचे कण त्यात जमतात आणि क्लोरीन खाऊन टाकतात. टाकीत क्लोरीन टाकलं होतं, ही नोंद पुरेशी नाही. डबे बाहेर पडतात त्या टोकाला मुक्त क्लोरीन शिल्लक आहे का ते मोजायचं, किमान ०.५ पीपीएम. सकाळी एकदा मोजून दिवसभर तोच आकडा उतरवलेला असेल तर रजिस्टरमध्ये सरळ दिसतं: सलग आठ नोंदी हुबेहूब सारख्या.

दुसरी जागा म्हणजे ओले डबे हाताळणं. सीम ओली असताना डबा हाताने उचलला किंवा घाणेरड्या पट्टीवरून घरंगळला तरी तेच होतं. डबे साधारण ३८ ते ४० अंशांवर बाहेर काढले तर उरलेल्या उष्णतेने आपोआप सुकतात. त्याहून थंड काढले तर ओले राहून गंजतात. त्याहून गरम काढून घट्ट थप्पी लावली तर मे महिन्यात मधले डबे कित्येक दिवस निवत नाहीत, आणि ‘ख’ कोडची कहाणी तिथेच सुरू होते.

७. पत्र्याचा फुगवटा

‘ख’ ची सीम मापात निघाली. डब्याच्या आत पाहिलं तर चकचकीत कथिलाऐवजी राखाडी, ठिकठिकाणी काळपट पत्रा. आम्लाने कथिल खाल्लं, खालचं लोखंड उघडं पडलं आणि हायड्रोजन साठत गेला. उष्णता ही प्रक्रिया वाढवते. भरताना आत राहिलेली हवा आणि पाण्यातले नायट्रेटही वाढवतात, त्यामुळे बोअरवेलचं पाणी पाकाला वापरत असाल तर नायट्रेट तपासून घ्या.

यावर लाखेचा डबा वापरू, असं लगेच सुचतं. संत्र्याला बहुतेक साधा, बिनलाखेचा पत्रा वापरतात तो विचार करूनच: कथिल सगळीकडून सारखं आणि सावकाश झिजतं, आणि फळाचा रंगही उजळ राहतो. लाखेला एखादा ओरखडा असेल तर सगळा मारा त्या एका बिंदूवर होतो आणि पत्र्याला भोक पडतं. मग तो डबा गळका होतो आणि तुम्ही सीममध्ये दोष शोधत बसता.

८. मालाचं काय करायचं

‘क’ चे त्या दोन तासांचे सगळे डबे, सपाट असले तरी, वेगळे काढा आणि ३७ अंशांना १४ दिवस ठेवून रोज पाहा. फुगलेले जातीलच. सपाट राहिलेल्यांची सीम तरीही मापाबाहेर आहे, त्यामुळे ते विकायला मोकळे होत नाहीत. रोल नीट केल्यावर पहिले पाच डबे फाडून मोजा. पुढे डोळ्यांची तपासणी दर अर्ध्या तासाने, फाडून मोजणं दर चार तासांनी, आणि जेवणाची सुटी संपल्यावर एक जादा. शिक्क्यांची वेळ तेच सांगते आहे.

‘ख’ चे सपाट डबे प्रयोगशाळेत कथिलासाठी पाठवा. आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सची मर्यादा डबाबंद पदार्थांना किलोमागे २५० मिलिग्रॅम आहे. नमुना वरच्या थरातला द्या, खालच्या गार थरातला नको, नाहीतर अहवाल चांगला येईल आणि बाजारात डबे फुगतील. जे फुगले आहेत ते अहवाल काहीही आला तरी विकायचे नाहीत: दुकानात उभ्या गिऱ्हाइकाला हायड्रोजन आणि यीस्ट यांतला फरक बाहेरून कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. ते भोक पाडून, लेबल फाडून, मोजून नष्ट करा आणि संख्या लिहून ठेवा. नुसते कचऱ्यात टाकलेले डबे आठवड्याच्या बाजारात स्वस्तात परत येतात.